मेणाच्या मूर्तीवरून धातूच्या मूर्तीचं वजन कसं काढायचं? वजनकाटा, पाण्याचं पातेलं आणि फोन पुरेसा आहे

भरीव धातूची मूर्ती किती किलोची होणार, हे मूर्ती ओतण्याआधीच कळावं लागतं. याला दोन कारणं आहेत. पहिलं पैशांचं: पितळ, तांबं, चांदी हे सगळं वजनावर विकलं जातं. दुसरं कारण ओतकामाचं आहे. मेणाच्या मूर्तीवर मातीचा साचा चढवतात, तो तापवून मेण वितळवून बाहेर काढतात आणि त्या रिकाम्या जागेत धातूचा रस ओततात. आता मेणाची मूर्तीही नाही आणि साचाही एकदाच वापरायचा. रस मध्येच कमी पडला तर मूर्ती अर्धवट राहते आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून मुशीत किती धातू टाकायचा हे आधी ठरवावंच लागतं.

हा हिशोब मी पहिल्यांदा केला तो मामांच्या गावासाठी. देवळात पितळेची छोटी भरीव गणेशमूर्ती बसवायची होती. धातू विकत न आणता घरोघरच्या जुन्या पितळी भांड्यांचा करायचा, असं ठरलं होतं. मामांचा फोन आला, "अरे, ओतारी म्हणतोय चार किलो सातशे ग्रॅम पितळ द्या, आणि मूर्ती होईल तीन किलो आठशेची. मधले नऊशे ग्रॅम जातात कुठे? इथं लोक कुजबुजायला लागलेत. तू इंजिनिअर ना, सांग बघू."

उत्तर एका ओळीत असं आहे: मूर्तीचं वजन हा एक आकडा आणि मुशीत टाकायच्या धातूचं वजन हा दुसरा. दोन्ही एकाच मेणाच्या मूर्तीवरून निघतात, पण ते सारखे कधीच नसतात. ते कसे काढायचे ते आता बघू.

पाया: आकार तोच, पदार्थ वेगळा

मेणाने जेवढी जागा व्यापली होती, तेवढीच जागा नंतर धातू व्यापतो. म्हणजे आपल्याला मेणाच्या मूर्तीचं घनफळ हवं आणि त्याला धातूच्या घनतेने गुणायचं. घनता म्हणजे एक घन सेंटीमीटर पदार्थाचं वजन किती ग्रॅम. पितळेची साधारण ८.४ ते ८.७, तांब्याची ८.९६, चांदीची १०.५, शुद्ध सोन्याची १९.३. मधमाशीच्या मेणाची ०.९६ च्या आसपास.

```
वजन (ग्रॅम) = घनफळ (घन सेंमी) × घनता
```

इथे धातूची घनता शोधणं अवघड नाही. अडचण असते ती घनफळाची. गणपतीची सोंड, हात, कान, मागची प्रभावळ या सगळ्याचं घनफळ पट्टीने कसं मोजणार?

पाण्याची पद्धत

लहान मूर्तीसाठी यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही. लागतं काय? पाच किंवा दहा किलोपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, मूर्ती उभी बुडेल असं पातेलं आणि एक बारीक ताठ तार.

पातेल्यात पाणी घ्या, काट्यावर ठेवा आणि TARE बटण दाबून आकडा शून्यावर आणा. आता मेणाची मूर्ती पाण्यात सोडा. मेण पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ती तरंगेल. तारेने तिला हळूच खाली दाबा, पूर्ण बुडेल इतपतच. मूर्ती तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, आणि पाणी पातेल्याबाहेर सांडता कामा नये. त्या क्षणी काट्यावर जो आकडा दिसतो, तेवढे ग्रॅम म्हणजेच तेवढे घन सेंटीमीटर घनफळ.

हे असं का होतं? बुडालेली मूर्ती जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं पाणी तिला वर ढकलतं. ती मूर्तीला वर ढकलते तेव्हा तेवढाच जोर पातेल्यावर खाली येतो आणि तो काट्यावर दिसतो. पाण्याची घनता जवळपास १ असल्यामुळे ग्रॅमचा आकडा थेट घनफळाचा होतो. मूर्ती तरंगणारी असो वा बुडणारी, नियम तोच. बुडणारी असेल तर तारेने दाबण्याऐवजी दोऱ्याने टांगून धरायची, एवढाच फरक.

चूक इथे एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे हवेचे बुडबुडे. सोंड आणि पोट यांच्यामधल्या खाचेत किंवा कानामागे हवा अडकते आणि घनफळ जास्त दिसतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून मूर्ती मऊ ब्रशने ओली करून घेतली की हे बुडबुडे निघतात. तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे दोन-तीन ग्रॅमच्या आत आले तर माप बरोबर समजा.

मामांच्या गणपतीची मेणाची मूर्ती १५ सेंमी उंच होती. तिन्ही वेळचे आकडे आले ४८१, ४७९ आणि ४८०. आपण ४८० घन सेंमी धरू. मेणाचं कोरडं वजन ४७५ ग्रॅम होतं, म्हणजे घनता ०.९९. ती शुद्ध मेणापेक्षा जास्त आहे, कारण ओतारी मेणात राळ मिसळतात. तमिळनाडूतल्या स्वामीमलईचे मूर्तिकारही मेणात राळ आणि शेंगदाण्याचं तेल घालतात, म्हणजे मेण नक्षी धरून ठेवतं. म्हणून पुस्तकातली मेणाची घनता वापरू नका, समोरच्या मेणाची मोजा.

मूर्तीचं वजन: चार किलोचे तीन-आठशे कसे झाले

४८० ला ८.५ ने गुणलं की ४०८० ग्रॅम येतात. पण ओतारी तर ३.८ किलो म्हणत होता. फरकाची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण धातूचं आकसणं. साच्यात गोठलेलं पितळ लाल असतं, ते थंड होताना लहान होतं. प्रत्येक लांबीत साधारण दीड टक्का धरला जातो. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण उंची, रुंदी आणि खोली या तिन्ही दिशांना तो लागतो. ०.९८५ × ०.९८५ × ०.९८५ म्हणजे ०.९५६. घनफळ साडेचार टक्क्यांनी कमी! ४८० चे झाले ४५९ घन सेंमी आणि वजन झालं ३.९० किलो.

दुसरं कारण कामाचं. साच्यातून निघालेली मूर्ती खडबडीत असते. छिन्नी, कानस, पॉलिश यांत थोडा धातू जातो. ओतारीने दोन टक्के धरले, म्हणजे ८० ग्रॅम. उरले ३.८२ किलो. ओतारीचा आकडा तंतोतंत बसला.

मुशीचं वजन: बाकीचे नऊशे ग्रॅम

रस मूर्तीपर्यंत जायला वाट लागते. ही वाटही मेणाचीच करून मूर्तीला चिकटवलेली असते. कारखान्यात तिला रनर म्हणतात. शिवाय वरच्या बाजूला धातूचा एक राखीव साठा ठेवतात, तो रायझर. रस गोठताना आकसतो, तेव्हा मूर्तीत पोकळी पडू नये म्हणून रायझर वरून रस पुरवत राहतो. ओतून झाल्यावर दोन्ही कापून टाकतात. या गणपतीला या दोन्हींचं मेण ६० घन सेंमी होतं. तोच हिशोब लावला की ०.४९ किलो पितळ येतं.

मग भट्टीतली घट. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे वितळलेल्या पितळेतून पांढरा धूर निघतो. हा धूर म्हणजे जळून गेलेलं जस्तच. शिवाय वर मळी जमते, ती काढून टाकावी लागते. जुन्या भांड्यांवर कल्हई, काजळी, माती असते, म्हणून ही घट थोडी जास्तच येते. इथे चार टक्के धरली, ४.७० किलोवर ०.१९ किलो. आणि रस कमी पडू नये म्हणून थोडा जास्तीचा, ०.१२ किलो.

आता सगळं एका जागी मांडू:

- तयार मूर्ती: ३.८२ किलो
- छिन्नी-कानशीचा चुरा: ०.०८ किलो
- कापलेले रनर आणि रायझर: ०.४९ किलो
- भट्टीतली घट: ०.१९ किलो
- जास्तीचा उरलेला रस: ०.१२ किलो
- एकूण: ४.७० किलो

मी ही यादी मामांना पाठवली आणि सांगितलं, "मामा, ओतारीने काही लपवलेलं नाही. फक्त रनर, रायझर आणि उरलेला रस मिळून सहाशे ग्रॅम पितळ त्याच्याकडून परत मागून घ्या, किंवा मजुरीतून वळतं करा. एकोणीस डेकाची, म्हणजे १९० ग्रॅमची घट मात्र कुणालाच परत मिळणार नाही." समितीने ही यादीच कागदावर उतरवून ओतारीची सही घेतली. भांडी देणाऱ्यांना दाखवायला तीच उपयोगी पडली.

आठपट की दहापट?

ओतारी मंडळी पाण्यात काही बुडवत नाहीत. ते मेण तोलतात आणि त्याला एका आकड्याने गुणतात. हा रिवाज जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात तो लिहून ठेवलेला आहे: चांदी मेणाच्या बारापट, सोनं सोळापट, आणि तांबं-पितळ पाठभेदानुसार आठपट किंवा दहापट.

आपल्या आकड्यांवर तो तपासून बघा. मेण ४७५ ग्रॅम. आठपट म्हणजे ३.८० किलो, जवळजवळ तयार मूर्तीचं वजन. दहापट म्हणजे ४.७५ किलो, जवळजवळ मुशीत टाकायचा धातू. निदान या मूर्तीपुरतं तरी दोन्ही आकडे बरोबर ठरतात, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कुणी "आठपट" म्हणालं तर विचारायचं, कशाच्या आठपट, आणि रनरचं मेण धरून की सोडून?

चांदीचंही बघा. १०.५ ला ०.९६ ने भागलं की १०.९ येतात, म्हणजे बारापटीत रनर आणि घटीसाठी थोडी सोय आहे. शुद्ध सोन्याला मात्र सोळापट पुरणार नाही, कारण १९.३ भागिले ०.९६ म्हणजे वीसपट. सोळाचा आकडा साधारण १८ कॅरेटच्या, म्हणजे मिश्र सोन्याच्या घनतेशी जुळतो. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा धातू कोणता हे आधी विचारा.

मूर्ती शाडूची असेल तर

शाडू पाण्यात बुडवता येत नाही, विरघळतो. त्यासाठी मोहरी वापरा. मूर्ती मावेल असा डबा मोहरीने काठोकाठ भरा, पट्टीने सपाट करा आणि फक्त मोहरीचं वजन करा. मग डबा रिकामा करून मूर्ती आत ठेवा, भोवती मोहरी भरा, पुन्हा सपाट करा आणि आत मावलेल्या मोहरीचं वजन करा. जेवढी मोहरी कमी मावली, तेवढी जागा मूर्तीची.

समजा डबा १४ × १२ × १७ सेंमी, म्हणजे २८५६ घन सेंमी. रिकाम्या डब्यात १९४० ग्रॅम मोहरी मावली, मूर्तीसह १६०७ ग्रॅम. कमी झाली ३३३ ग्रॅम. ३३३ भागिले १९४० गुणिले २८५६, उत्तर ४९० घन सेंमी. डबा दोन्ही वेळा सारखाच ठोकायचा, कारण ठोकल्यावर मोहरी दबते आणि उत्तर बदलतं. ही पद्धत पाण्याइतकी नेमकी नाही, दोन-तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतं.

शाडूत आणखी एक गोम आहे. तो वाळताना आकसतो. लांबीत पाच टक्के आकसला तर घनफळ चौदा टक्क्यांनी कमी होतं. म्हणून ज्या अवस्थेतल्या मूर्तीवरून साचा घेणार, त्याच अवस्थेत मोजा. ओल्या मूर्तीवरून साचा घ्यायचा आणि वाळलेली मोजायची, असं केलं तर रस नक्की कमी पडेल.

फोनने स्कॅन करून

मूर्ती मोठी असेल किंवा दुसऱ्या गावात असेल, तर फोनचं थ्रीडी स्कॅन कामाला येतं. मूर्तीभोवती फिरून पन्नास-साठ फोटो काढले की स्कॅनिंग अ‍ॅप त्यातून त्रिकोणांचं जाळं तयार करतं आणि STL फाइल देतं. त्या जाळ्याचं घनफळ कॉम्प्युटर काढतो:

```python
import trimesh
m = trimesh.load("murti.stl")
print(m.is_watertight)
k = 150 / m.extents[2]
print(m.volume * k**3 / 1000)
```

इथे तीन गोष्टी बघायच्या. `is_watertight` ला `True` आलं पाहिजे. `False` आलं तर जाळ्याला भोक आहे आणि घनफळाचा आकडा विश्वासाचा नाही. बहुतेक वेळा हे भोक तळाला असतं, कारण मूर्तीच्या खालून कुणी फोटो काढत नाही. ते सपाट बुजवून घ्या.

दुसरी गोष्ट `k`. फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. १५ सेंमीची मूर्ती आणि १५ फुटांची मूर्ती फोटोत सारखीच दिसते. म्हणून खरी उंची मिलीमीटरमध्ये, इथे १५०, आपण द्यायची. `extents[2]` म्हणजे मूर्ती फाइलमध्ये उभी आहे असं गृहीत धरलेली उंची. ती आडवी पडली असेल तर आधी उभी करा. आणि उंची मोजताना निष्काळजीपणा नको. १५० ऐवजी १५३ मोजली, तर उंचीतली दोन टक्क्यांची चूक वजनात सहा टक्क्यांची होते, कारण ती तीनदा गुणली जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे स्कॅन मूर्तीला किंचित लठ्ठ करतं. सोंड आणि हातामधली फट बुजते, दागिन्यांच्या खाचा भरून निघतात. चकचकीत मेणावर तर हे फारच होतं; त्यावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवला की फरक पडतो. याच गणपतीचं स्कॅनवरून घनफळ ५१२ आलं होतं, पाण्याच्या मापापेक्षा सुमारे सात टक्के जास्त. अंदाजपत्रकासाठी हे चालेल, पण शक्य असेल तिथे पाण्याचंच माप धरा.

उंची दुप्पट, वजन आठपट

काम ठरल्यावर समितीतल्या कुणीतरी सुचवलं, मूर्ती सहा इंचांऐवजी एक फुटाची करू, थोडंच पितळ जास्त लागेल. उंची दुप्पट झाली की रुंदी आणि खोलीही दुप्पट होते, म्हणून वजन २ × २ × २, आठपट. ३.८ किलोची मूर्ती ३० किलोच्या वर जाते. गावातली सगळी पितळी भांडी गोळा करूनही ते भागलं नसतं. म्हणूनच मोठ्या मूर्ती बहुतेक वेळा आतून पोकळ ओततात.

मूर्ती हातात आल्यावर तपासणी

भरीव म्हणून दिलेली मूर्ती खरंच भरीव आहे का, हेही पाण्यानेच कळतं. मूर्ती आधी कोरडी तोला. मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून घनफळ काढा. वजनाला घनफळाने भागा. या गणपतीचे आकडे आले ३८२० ग्रॅम आणि ४४९ घन सेंमी, म्हणजे ८.५१. कापलेल्या रनरचा तुकडाही असाच मोजला, त्याचा आकडा आला ८.५२. मूर्ती आणि रनर एकाच रसाचे असल्यामुळे दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, आणि ते जुळले.

मूर्तीचा आकडा रनरपेक्षा बराच कमी, समजा सात किंवा पाच आला, तर आत पोकळी आहे, मातीचा गाभा राहिला आहे किंवा धातू सच्छिद्र ओतला गेला आहे. दोन्ही आकडे सारखेच पण अपेक्षेपेक्षा वेगळे आले, तर मूर्ती भरीव आहे, पण धातू सांगितला तो नाही. दोन्ही वेळा ओतारीशी बोलताना आवाज चढवण्याची गरज पडत नाही. काटा, पातेलं आणि मूर्ती त्याच्यासमोर ठेवून पुन्हा एकदा मोजलं की पुरतं.